लग्न मिथुन की कर्क? पाच मिनिटांत लेकीचा स्वभाव बदलतो का?

चिऊची_आई
जाणकारांसाठी प्रश्न आहे पण बाकीच्यांनी पण बोला. लेक तीन वर्षांची होत आलीये. घरात अखंड टकळी चालू असते, पूर्ण वाक्यं, बाहुलीला दटावणं वगैरे सगळं. पण बाहेर कुठे गेलो की दारातच माझ्या पायाला मिठी मारते आणि पंधरा-वीस मिनिटं तोंडातून शब्द नाही. हट्ट फारसा करत नाही, पडली तरी आधी इकडेतिकडे बघते कोणी पाहिलं का आणि मग गुपचूप उठते. सगळे म्हणतात किती शहाणी आहे हो, आणि मला नेमकं तेच शहाणपण टोचतंय.

जन्मवेळ डिस्चार्ज कार्डावर सकाळी ६:५० आहे. एका ॲपवर लग्न मिथुन २८ अंश ५० कला येतंय, दुसऱ्यावर कर्क शून्य अंश १७ कला. चंद्र दोन्हीकडे मकरेत, श्रवण नक्षत्र. रवी आणि बुध मिथुनेत, शुक्र कर्केत, मंगळ सिंहेत, गुरू मेषेत, शनी कुंभेत. जन्मतारीख इथे देत नाही, सगळे वाचतात म्हणून.

एका गुरुजींना दाखवलं तर ते म्हणाले मिथुन लग्न, अष्टमात चंद्र, जपा. आता काय जपा ते नाही सांगितलं! त्या रात्री मला झोप नाही. मला भविष्य नकोय, ही कशी आहे आणि हिला माझ्याकडून काय हवंय एवढंच कळून घ्यायचंय. आणि मुळात लग्न कुठलं धरू?

वाचनमात्र_७
तीन वर्षांच्या मुलीचं लग्न?? अहो तिला शाळेत तरी जाऊ द्या!

चिऊची_आई
लग्न म्हणजे पत्रिकेतलं हो, पहिलं घर 😄

वाचनमात्र_७
ओह. सॉरी. जातो मी. (नाही, थांबतो, इंटरेस्टिंग वाटतंय.)

कुंभकर्णी
ताई, दोन्ही ॲपं सोडा. मी पाश्चात्त्य पद्धतीने बघते, त्यात तुमचा चंद्र मकरेत नाहीच, कुंभेत जातो, साधारण ५ अंशांवर. आणि लग्न कर्केच्या मध्याच्या पुढे. म्हणजे लग्नाचा वादच संपला. कुंभेचा चंद्र म्हणजे भावनेपासून जरा अंतर ठेवणारं मूल, त्याला मिठ्या नको असतात, त्याला मोकळीक हवी असते. तुम्ही उगाच जवळ घेत असाल.

चिऊची_आई
मिठ्या नको असतात असं नाहीये. रात्री झोपताना माझा कान धरून झोपते ती. दिवसा मागत नाही एवढंच.

रेवतीकाकू
चिऊच्या आई, बरं झालं वेळ आणि अंश दोन्ही दिलेत, नाहीतर लोक नुसती रास सांगतात आणि मुलाचा स्वभाव विचारतात. टप्प्याटप्प्याने लिहिते, माझं टायपिंग स्लो आहे.

आधी दोन ॲपांचं. दोघांनी गणित बरोबरच केलंय, फक्त अयनांश, म्हणजे आपल्या पद्धतीत ग्रहांच्या अंशांतून वजा करायचा आकडा, वेगळे घेतलेत. एकात लाहिरी असणार, हल्ली २४ अंशांच्या जरा वर, आणि दुसऱ्यात रामन, जो त्याच्यापेक्षा जवळजवळ दीड अंशाने कमी आहे. तुमच्या दोन लग्नांतला फरक मोजा, १ अंश २७ कला, तेवढाच येतो. सेटिंगमध्ये जाऊन बघा, दोन्हीकडे लाहिरी लावलंत की दोन्ही ॲपं मिथुनच दाखवतील. आणि कुंभकर्णी म्हणतेय ते पाश्चात्त्य, त्यात अयनांश वजाच करत नाहीत, म्हणून सगळं २४ अंश पुढे सरकतं. ती चुकीचं सांगत नाहीये, तिची मोजपट्टी वेगळी आहे. पण एका मोजपट्टीवरची रास घेऊन दुसऱ्या मोजपट्टीतला अर्थ लावायचा नाही, घोळ होतो तो तिथे.

आता तुमचा खरा प्रश्न अयनांशाचा नाहीये, घड्याळाचा आहे. चंद्र तासाला साधारण अर्धा अंश चालतो, म्हणजे पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी त्याला फरक पडत नाही, तुमच्या लेकीचा चंद्र मकरेतच आणि श्रवणातच राहणार. लग्नाचं तसं नाही. ते एक अंश चार-साडेचार मिनिटांत ओलांडतं. तुमचं लग्न राशीच्या शेवटाला १ अंश १० कला कमी आहे, म्हणजे मूल ६:५० ला न होता ६:५५-५६ ला झालं असेल तर लाहिरीनेही लग्न कर्क. आणि ६:५० ही वेळ अशी गोल आहे की मला तिच्यावर काडीचा भरवसा नाही, राग मानू नका.

तर ज्यावर भरवसा आहे तिथून सुरुवात करू. चंद्रापासून. दुपारी लिहिते.

तर्कट
पाच मिनिटांत रास बदलते आणि अयनांश बदलला तरी रास बदलते, आणि तरी त्यावरून स्वभाव सांगायचा. काकू, आदर आहे, पण हे ऐकायला कसं वाटतंय बघा.

जुळ्यांचा_बाप
मला इथेच विचारायचंय. माझी जुळी पोरं आहेत, ९ मिनिटांचं अंतर. लग्न सेम, चंद्र सेम, सगळं सेम. एक जण नवीन माणसाच्या थेट मांडीवर जाऊन बसतो आणि दुसरा खुर्चीखाली जातो. पत्रिकेत हे कुठे आहे?

रेवतीकाकू
जुळ्यांचे बाबा, नवमांश, म्हणजे राशीचा नववा भाग, बघतात अशा वेळी, लग्नाचा नवमांश तेरा-चौदा मिनिटांत बदलतो, तुमच्या ९ मिनिटांत तो बदलला असेल किंवा नसेलही. बदलला असेल तर थोडंफार बोलता येईल. नसेल तर मी प्रामाणिकपणे सांगेन की माझ्याकडे उत्तर नाही. उगाच ओढूनताणून जुळवत नाही.

चिऊच्या आई, आता चंद्राकडे वळते.

लहान मुलात मी लग्न आणि चंद्र वेगवेगळ्या वेळी बघते. लग्न दिसतं उंबरठ्यावर. नवीन जागा, नवीन माणूस, नवीन खेळणं, त्यातली पहिली पाच-दहा मिनिटं मूल शरीराने काय करतं ते. चंद्र दिसतो संध्याकाळी, दमल्यावर, लागल्यावर, झोपेच्या आधी. मूल कशाने शांत होतं, कोणाकडे जातं, काय धरून झोपतं. तुम्ही "कान धरून झोपते" लिहिलंत ना, तिथे मी थबकले, कारण श्रवण म्हणजेच कान. आता हा योगायोग असू शकतो, तर्कट ओरडायच्या आत मीच लिहून टाकते. कान धरून झोपणारी मुलं सगळ्या नक्षत्रांत असतात.

मकरेच्या चंद्राचं मूल मागत नाही. म्हणजे त्याला गरज नसते असं नाही, गरज दाखवायची लाज असते म्हणा हवं तर. पडल्यावर आधी कोणी पाहिलं का बघणं हे मी या चंद्रात फार वेळा पाहिलंय. आणि मग होतं काय, घरातले म्हणतात शहाणी आहे, समजूतदार आहे, आणि जे मूल रडून मागतं त्याच्याकडे सगळे धावतात. हिच्या वाट्याला कमी येतं कारण हिने पावती फाडली नाही. तुम्हाला ते शहाणपण टोचतंय ते बरोबर टोचतंय.

अशा मुलाला "ये गं माझी राणी" करून सगळ्यांसमोर कवटाळलं तर आक्रसतं. त्याला चालतं ते म्हणजे न मागता, गाजावाजा न करता, ठरलेल्या वेळी मिळणारं जवळ घेणं. रोज संध्याकाळी त्याच वेळी, त्याच कोपऱ्यात दहा मिनिटं. आणि दुसरं म्हणजे काम. खरंखुरं काम, खोटं खोटं नाही. कपड्यांच्या जोड्या लावणं, पिशवी धरणं. हातात काम असलं की या चंद्राला पायाखाली जमीन लागते. आणि त्यावर हसायचं नाही. चूक केली तरी कौतुकाने पण हसायचं नाही, मकर चंद्राला थट्टा लक्षात राहते.

श्रवण असल्यामुळे शब्दांपेक्षा आवाजाची पट्टी आधी पोचते. तुम्ही गोड शब्दात पण वैतागलेल्या सुरात बोललात तर हिला वैतागच ऐकू येणार.

चिऊची_आई
काकू, हसण्याचं अगदी खरं आहे. मागे पाहुण्यांसमोर नाचताना सगळे हसले, कौतुकानेच, तर ती दोन महिने नाचलीच नाही. मी ते विसरून गेले होते.

पण अष्टमातला चंद्र?

रेवतीकाकू
हो, ते राहिलं. बाळाच्या बाबतीत अष्टमातल्या चंद्राची भीती ज्या नियमांवरून आलीये त्यात नुसता अष्टमातला चंद्र म्हटलेलं नाही. चंद्र क्षीण हवा, पापग्रहांच्या तावडीत हवा, शुभ दृष्टी नको, असं सगळं जमून यावं लागतं. तुम्ही दिलेल्या ग्रहांवरून बघा. रवी मिथुनेत, चंद्र मकरेत, म्हणजे पौर्णिमा नुकतीच झालेली, बिंब भरपूर मोठं. शनी, मंगळ कोणाचीच दृष्टी मकरेवर नाही. कर्केतला शुक्र समोरून बघतोय, तो शुभ. मग कसली भीती? शिवाय बारा वर्षांपर्यंत मुलाचा आयुर्दाय, म्हणजे आयुष्य किती ते, बघू नये असा जुना संकेत आहे, तो मी पाळते, आणि तुमच्या गुरुजींनीही पाळायला हवा होता. "जपा" म्हणून आईला घरी पाठवणं म्हणजे निम्मं वाक्य बोलून दार लावणं.

आणि लग्न कर्क निघालं तर चंद्र अष्टमात राहतच नाही, सप्तमात जातो. म्हणजे ज्या अष्टमाने तुमची झोप गेली ते अष्टम सहा मिनिटांच्या उधारीवर आहे.

मृगाचा_पाऊस
मी शिकतोय अजून, पण एक गोष्ट सगळ्यांनी मिस केली. मिथुन लग्न धरलं तर बुध लग्नात स्वराशीला, म्हणजे भद्र योग! हे मूल वक्ता होणार. बाहेर बोलत नाही ते तात्पुरतं आहे, बिलकुल टेन्शन घेऊ नका, भद्र योग आहे, आपोआप बोलेल, थांबा फक्त.

रेवतीकाकू
मृगाचा पाऊस, योग ओळखलात ते बरोबर. पण बुध रवीपासून किती लांब आहे? चिऊच्या आई, अंश द्या.

चिऊची_आई
रवी १८ अंश ४० कला, बुध २३ अंशांच्या आसपास.

रेवतीकाकू
म्हणजे चार-पाच अंशांवर, पुरता अस्तंगत. योग आहे, पण बुध रवीच्या उजेडात दिपलाय, त्याचं बोलणं परक्यापुढे सहज बाहेर येईल असं मी म्हणणार नाही.

आणि दुसरं, हे जरा कडक लिहिते. कुठल्याही पालकाला योगावरून "थांबा, आपोआप बोलेल" असं सांगायचं नाही. इथे मूल घरात पूर्ण वाक्यं बोलतंय म्हणून हा विषय स्वभावाचा आहे. पण दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर पत्रिका बंद करून आधी कान तपासा आणि बालरोगतज्ज्ञांकडे जा. भद्र योगाच्या भरवशावर वर्ष घालवलेलं घर मी पाहिलंय. ऐकू कमी येत होतं त्या मुलाला.

मृगाचा_पाऊस
मान्य. मी तेवढा विचार नव्हता केला.

चिऊची_आई
डॉक्टरांना दाखवलंय, कान ठीक आहेत, म्हणाले बुजरी आहे, घरी बोलते ना मग बघत राहू, पाळणाघरातही महिनोन्‌महिने अजिबात बोलली नाही तर परत या.

रेवतीकाकू
छान. मग आता लग्नाकडे.

मिथुन लग्नाचं मूल नव्या खोलीत शिरलं की हात आधी जातात. हे काय, ते काय, उचल, ठेव, दुसरं उचल. माणसांपेक्षा वस्तूंत पटकन रमतं आणि कंटाळतंही पटकन. कर्क लग्नाचं मूल दारात थांबतं. आधी तोंडं बघतं. कोण रागीट, कोण हसरं, आई कुठे बसली. एकदा ओळखीचं झालं की घर डोक्यावर घेतं. कर्क लग्न असेल तर चंद्रच लग्नेश, लग्नाचा मालक, होतो, म्हणजे वर जे मकर चंद्राचं लिहिलं त्याला दुप्पट वजन येतं, आणि बुध-रवी बाराव्यात जातात, म्हणजे बडबड चार भिंतींच्या आत.

तुम्ही सांगितलेल्यावरून माझा कल कर्केकडे जातोय. दारात मिठी, पंधरा-वीस मिनिटं गप्प, घरात टकळी. पण कलच आहे हं, निकाल नाही.

तर्कट
आता मी बोलतो. काकू, तुम्ही आईने सांगितलेलं ऐकलंत आणि मग त्याला जुळणारं लग्न निवडलंत. हे उलटं नाही का? आणि आईने आता हे वाचलंय, ती उद्यापासून कर्क लग्नच बघणार. दारात थांबली की "बघा कर्क", खेळणं उचललं की लक्षातच राहणार नाही.

एक सुचवू का? तुम्ही दोन वर्णनं लिहा, राशीचं नाव, ग्रहाचं नाव काही न घालता, फक्त नव्या जागेतलं वागणं. आई ती अशा दोन माणसांना देईल ज्यांनी पत्रिका पाहिलेली नाही आणि जे मुलीला रोज बघतात. त्यांनी एक निवडायचं.

रेवतीकाकू
चांगलं सुचवलंत, मनापासून. फक्त वर्णनं दोन्ही तेवढीच गोड हवीत, नाहीतर आजी लोक गोड वाटेल ते निवडतात. हे घ्या.

पहिलं: नव्या ठिकाणी गेली की आधी वस्तूंकडे जाते, हात लावते, विचारते, एका गोष्टीवरून दुसरीकडे पटपट जाते, माणसं नंतर.
दुसरं: नव्या ठिकाणी आधी माणसांचे चेहरे बघते, ओळखीच्या माणसाला धरून राहते, वेळ घेते, पण एकदा जमलं की घट्ट जमतं.

आणि चिऊच्या आई, तुम्ही स्वतः दहा दिवस वहीत लिहा. रोज दोनच ओळी, एक उंबरठ्याची, एक संध्याकाळची. काय दिसलं तेवढंच, का ते नाही. "बुजली" असं लिहू नका, "माझ्या मागे उभी राहिली, सात मिनिटं" असं लिहा.

कुंभकर्णी
मला एक कळत नाही, चंद्र मकर म्हणा की कुंभ, जुन्या पद्धतीने मालक शनीच ना दोन्हीचा? मग आपण सगळे तेच तर सांगतोय.

रेवतीकाकू
मालक एक, घरं दोन. मकर चंद्राला काम देऊन शांत करता येतं, कुंभ चंद्राला तसं होतंच असं नाही. पण तुझं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. फक्त "मिठ्या नको असतात" हे दोघांपैकी कुणाबद्दलही म्हणू नको गं, त्यावरून कोणी आई हात आखडता घेईल.

चिऊची_आई
दहा दिवस झाले. सविस्तर लिहिते, मोठी पोस्ट आहे.

वही आधी. संध्याकाळच्या ओळी दहापैकी सात दिवस जवळजवळ सारख्या निघाल्या. दमली की येऊन सांगत नाही, तर हळूहळू तिच्या वस्तू ओळीत लावायला लागते. आधी मला वाटायचं खेळतेय. आता कळलं की ओळ लागायला लागली म्हणजे दमली. पाचव्या दिवसापासून मी ओळ दिसली की काही न बोलता शेजारी जाऊन बसते, तर तीन-चार मिनिटांत मांडीवर सरकते. एकदाही बोलावलं नाही मी.

उंबरठ्याच्या ओळी मात्र गोंधळ आहेत. नातेवाइकांकडे दोनदा गेलो, दोन्हीदा पायाला मिठी, एकदा १२ मिनिटं आणि एकदा २०. पण दुकानात, दवाखान्यात, बागेत जिथे तिच्याकडे कोणी बघत नव्हतं तिथे सरळ आत जाऊन सगळ्याला हात! म्हणजे जागा नवीन असल्याचं काही नाहीये, तिच्याकडे बघणारी माणसं असली की होतं.

आता दोन निवडी. सासूबाईंनी दुसरं निवडलं, विचार न करता. पाळणाघरातल्या ताईंनी पहिलं निवडलं, त्याही विचार न करता, म्हणाल्या पहिल्या दिवसापासून सगळी कपाटं उघडून झाली हिची, बोलत नव्हती पण हात स्वस्थ नव्हते. आणि आता एका मैत्रिणीबरोबर दिवसभर कुजबुज चालू असते म्हणे. मला हे माहीतच नव्हतं.

जुळ्यांचा_बाप
टाय झाला 😀

तर्कट
टाय झाला म्हणजे नाणं उडवल्यासारखंच झालं. पण वस्तू ओळीत लावते म्हणजे दमली हे निरीक्षण जबरदस्त आहे ताई. त्याला पत्रिका लागली नाही.

चिऊची_आई
लागली नाही, पण त्या दोन ओळी लिहायला बसले नसते मी एरवी.

दोनघडीचा_डाव
वाचतोय पहिल्यापासून. जन्मवेळेचं काहीतरी करा की. बाबांच्या मोबाईलमध्ये बाळाचा पहिला फोटो असेल ना? त्याच्या डिटेल्समध्ये वेळ असते. फक्त ओरिजिनल फाईल बघा, कोणीतरी पाठवलेला किंवा नंतर सेव्ह केलेला फोटो नको, त्यात पाठवल्याची वेळ येते. मोबाईलचं घड्याळ नेटवर्कवरून सेट होतं, वॉर्डातलं भिंतीवरचं घड्याळ कोणी कधी लावलं देव जाणे.

चिऊची_आई
अरे हे सुचलंच नाही! जुना फोन कपाटात आहे, चार्ज करून बघते.

चिऊची_आई
मिळाला. ६:५३. आणि त्यात ती पुसून, गुंडाळून, नर्सच्या हातात आहे, थिएटरच्या बाहेर. सीझर होतं माझं.

दोनघडीचा_डाव
मग ६:५५ ला जन्म शक्यच नाही. उलट रडणं, पुसणं, वजन, गुंडाळणं, बाहेर आणणं याला आठ-दहा मिनिटं तरी जातात. ६:४३ ते ६:४५ धरा. वॉर्डाचं घड्याळ पुढे असणार किंवा कोणीतरी राउंड फिगर टाकली.

रेवतीकाकू
मग मी माझं म्हणणं मागे घेते. ६:४५ धरलं तर लाहिरीने लग्न मिथुन २७ अंश ४० कलांच्या आसपास, आणि रामनने धरलं तरी २९ अंशांच्या जरा वर, म्हणजे तिथेही मिथुनच. दोन्ही मोजपट्ट्या एकच सांगतायत. कर्केकडे गेलेला माझा कल चुकला. आईने सांगितलेल्या उंबरठ्याच्या एका चित्रावर मी फार भार टाकला, आणि ते चित्र फक्त नातेवाइकांच्या दारातलं होतं.

चंद्राचं काही बदलत नाही. पाच मिनिटांनी महादशेत फार तर दोन आठवड्यांचा फरक. चंद्राची महादशा चालू आहे आणि ती जवळपास साडेनऊ वर्षांची होईपर्यंत चालेल, म्हणजे पूर्ण बालपणावर चंद्राचाच अंमल. म्हणून संध्याकाळच्या ओळी सात-सात दिवस सारख्या आल्या असाव्यात.

आता मला हे असं दिसतंय. हात आणि कुतूहल मिथुनेचं, ते पाळणाघरात आणि दुकानात दिसतं. पण कोणी रोखून बघायला लागलं की मकरेचा चंद्र हात मागे ओढतो, चुकलं तर, हसले तर. तुमच्या नाचाचा प्रसंग बघा.

तर्कट
काकू, तुमचा मोकळेपणा आवडला, खरंच. पण बघा काय झालं. कर्क असतं तर दारातली मिठी कर्केने समजावली असती. मिथुन निघालं तर तीच मिठी चंद्राने समजावली. आणि श्रवणातली महादशा चंद्राचीच असते हे तर सगळ्याच श्रवणवाल्या मुलांना लागू आहे. कुठलं लग्न निघालं असतं तर तुम्ही म्हणाला असतात की हे जुळत नाही?

रेवतीकाकू
सिंह. सिंह लग्न असतं, आणि पाळणाघरातही मूल पहिल्या दिवसापासून कोपऱ्यात असतं, तर म्हटलं असतं की जुळत नाही. पण तुमचा मुद्दा मी टाळत नाही. चंद्र आणि लग्न दोन असले की एकाने नाही तर दुसऱ्याने बसवता येतं, हा मोह आम्हा सगळ्यांना होतो. म्हणूनच आधी वही, मग पत्रिका. उलट क्रमाने मी स्वतः पण फसते, वर फसलेच की.

तर्कट
ठीक. मी पटलो नाहीये, पण भांडत नाही.

मृगाचा_पाऊस
म्हणजे शेवटी भद्र योग आहेच 😎 अस्तंगत का असेना.

रेवतीकाकू
आहे बाबा, आहे. पण आईला सांगताना सांभाळून.

वाचनमात्र_७
एक बाळबोध प्रश्न. मग नातेवाइकांकडे जाताना करायचं काय? आमच्याकडे पण असंच एक पात्र आहे, रास वगैरे माहीत नाही.

रेवतीकाकू
रास माहीत नसली तरी करून बघा. दारातच "हाय म्हण, नाव सांग" नको. ज्यांच्याकडे जाताय त्यांना आधी फोन करून सांगा की आल्याआल्या तिच्याशी बोलू नका, बघूही नका, माझ्याशी बोला. आणि तिच्या हातात काहीतरी द्यायला द्या, पिशवी, फुलं, काहीही, की हे आत नेऊन टेबलावर ठेवायचं. हाताला काम मिळतं आणि नजरा चुकतात.

चिऊची_आई
काल करून पाहिलं. माझ्या बहिणीकडे गेलो, तिला आधी बजावून ठेवलं होतं. चिऊच्या हातात पिशवी. दारात थांबली, मावशीकडे बघितलं, मावशी माझ्याशीच बोलत राहिली (बिचारीला फार जड गेलं ते). मग आत गेली, टेबलावर पिशवी ठेवली, आणि टीव्हीचा रिमोट उचलून विचारलं, याला किती बटणं आहेत? चार मिनिटं. मी घड्याळ लावून बसले होते.

नंतर भावजी बाहेरून आले आणि मोठ्याने म्हणाले, अरे वा बोलायला लागली की! तर परत माझ्या मागे. मग निघेपर्यंत गप्प.

जुळ्यांचा_बाप
भावजींची रास बघा आता.

दोनघडीचा_डाव
काकू, माझ्या पुतण्याची पण वेळ अशीच गोल आहे, ४:३०, लग्न वृश्चिक २९ अंश. फोटो नाहीये, घरीच जन्म झाला. तिथे काय करायचं?

रेवतीकाकू
वय किती? पाच-सहाच्या आत असेल तर मी लग्न ठरवायला बसणार नाही, घडलेल्या गोष्टी हाताशी नसतात. चंद्रावर चालवा. नवीन धागा काढा, तिथे लिहिते, इथे चिऊचा गुंता होईल.